सहा स्लाइडमध्ये आबासाहेब

गावातलं किंवा संस्थेतलं वडीलधारं माणूस गेल्याची बातमी येते आणि पहिल्या दोन-तीन तासांतच त्या माणसाविषयी काहीतरी ‘टाकायचं’ असतं. पूर्वी हे काम दोघांत वाटलेलं असायचं. चौकातल्या फळ्यावर खडूनं निधनवार्ता लिहिणारा एक आणि तालुक्याहून वर्तमानपत्राला बातमी धाडणारा दुसरा. दोघांनाही गेलेलं माणूस ठाऊक असे. आता हे काम संस्थेचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सांभाळणाऱ्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींकडे आलं आहे. त्यांच्या हाती कुणीतरी पाठवलेला एक अंधूक फोटो असतो, जन्म-मृत्यूच्या तारखा असतात आणि कार्यवाहांचा निरोप असतो: छानसं करून टाक.

ते जे करतात त्याला कॅरोसेल म्हणतात. बोटानं सरकवत एकामागून एक पाहायची चित्रं, प्रत्येकावर थोडा मजकूर. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये पूर्वी दहा चित्रं मावत, आता वीस मावतात. श्रद्धांजलीला पाच ते सात पुरतात, आणि वीस मावतात म्हणून वीस करणारा माणूस हमखास फसतो. आचार्य अत्र्यांच्या मृत्युलेखांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हा प्रकार फारच तोकडा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. पंचवीस-तीस शब्दांच्या स्लाइडमध्ये लपायला जागाच नसते. लेखात चार परिच्छेद गुणगान करून पाचव्यात एखादा प्रसंग सांगता येतो. इथे पाचवा परिच्छेदच नाही.

आणि तरीही बहुतेक कॅरोसेल एकमेकांसारख्या दिसतात. पहिल्या स्लाइडवर पणती, काळी पार्श्वभूमी आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दुसरीवर ‘दीनदुबळ्यांचे कैवारी, मनमिळाऊ, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व’. तिसरीवर ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’. चौथीवर ‘शोकाकुल’ आणि खाली पंधरा नावं. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसते. त्यांना खरंच वाईट वाटलेलं असतं. पण हाताशी काही ठोस नसलं की विशेषणं धावून येतात, आणि ती कोणालाही लागतात. म्हणून मी एक साधी चाचणी लावतो. फोटो आणि नाव हातानं झाका, उरलेला मजकूर त्या गावातल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, हे कोण? त्यानं नाव सांगितलं तर मजकूर झाला. ‘कुणीतरी पुढारी असतील’ असं म्हणाला तर पुन्हा लिहायला बसायचं.

सगळ्यांना तपासून पाहता येईल असं उदाहरण घेतो: सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं. समजा, सांगोला तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाला त्यांच्यावर अशी मालिका करायची आहे. आबासाहेब राजकारणातले, त्यामुळे माहितीला तोटा नाही, आणि खरी अडचण तीच आहे. अकरा वेळा आमदार, दोनदा मंत्री, शेतकरी कामगार पक्षाचं आयुष्यभराचं काम, दुष्काळाचे लढे, सहकार. यातलं काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच ही मालिका लिहिणं.

आधी तारखा, कारण पहिली चूक तिथेच होते. आबासाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. म्हणजे निधनाच्या दिवशी त्यांना ९४ वर्षं पूर्ण होऊन गेली होती, ९५ वं चालू होतं आणि ते पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते. ‘वयाच्या ९४ व्या वर्षी’ लिहिलं तर एक वर्ष कमी पडतं. ‘वय ९४’ बरोबर आणि ‘वयाच्या ९५ व्या वर्षी’ हेही बरोबर. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, यांना वयसुद्धा नीट ठाऊक नाही. त्यापेक्षा ‘१९२६–२०२१’ लिहावं आणि मोकळं व्हावं. गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर हे आणखी जपावं लागतं. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण नाव घालताना मास्तरांनी तीच लिहून टाकली. घरातले सांगतात ‘प्लेगच्या साली’ किंवा ‘मोठ्या दुष्काळाच्या आधी दोन वर्षं’. दाखल्यावरची तारीख छापली की घरच्यांना ती परकी वाटते. अशा वेळी घरचे म्हणतात ते साल घ्यावं आणि तारीख गाळावी.

नावाचंही तसंच. गावात ज्यांना सगळे बापू म्हणत आले त्यांचं कागदावरचं नाव अर्ध्या गावाला ठाऊक नसतं, आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या नातवंडांच्या मित्रांना ‘बापू’ म्हणून काही कळत नाही. दोन्ही नावं हवीत, हाकेचं मोठ्या अक्षरांत आणि कागदावरचं त्याखाली. मथळ्यात ‘आबासाहेब’ असेल तर सांगोल्यातला माणूस थांबतो, खाली ‘गणपतराव देशमुख’ असेल तर बाकीचा महाराष्ट्र थांबतो. नावामागे काय लावायचं तेही घरच्यांना विचारूनच ठरवावं. कैलासवासी, वैकुंठवासी, लिंगैक्य, कालकथित, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी: यातला प्रत्येक शब्द एका घराचा आणि एका श्रद्धेचा आहे. चुकीचा शब्द लागला तर त्या घराला तो टोचतो आणि शोकाच्या घरी कोणी तक्रारही करत नाही. ठाऊक नसेल तर सरळ ‘निधन’ लिहावं. त्यात कोणाचाच अवमान नाही.

आता स्लाइड. मी सहा केल्या.

पहिलीवर फोटो आणि तीन ओळी:

आबासाहेब
गणपतराव देशमुख, १९२६–२०२१
सांगोल्यानं अकरा वेळा विधानसभेत पाठवलेला माणूस

तिसऱ्या ओळीचा पहिला खर्डा ‘अकरा वेळा निवडून आलेले ज्येष्ठ नेते’ असा होता. तो बदलला, कारण त्यात कर्तेपण आबासाहेबांकडे होतं. वाचनालय सांगोल्याचं आहे, शोक सांगोल्याचा आहे. ‘सांगोल्यानं पाठवलेला’ म्हटलं की मालिका वाचणारा तालुक्यातला माणूस त्या वाक्यात आपोआप येतो. अकरा या आकड्याला दुसरं काही चिकटवलं नाही. ‘विक्रमी’, ‘अभूतपूर्व’ यांनी तो मोठा होत नाही.

फोटो कोणता घ्यायचा यावर मला जरा थांबायचं आहे. हार घातलेला, गंध लावलेला, फ्रेम केलेला फोटो टाळावा, कारण त्यात माणूस आधीच गेलेला असतो. सत्कारातला फोटोही टाळावा. त्यात शाल दिसते, माणूस दिसत नाही. माणूस काहीतरी करत असतानाचा फोटो हवा: बोलताना, कागद वाचताना, एसटीत चढताना, बांधावर उभं असताना. अंत्यदर्शनाचा फोटो कधीही नको, घरच्यांनी पाठवला तरी नको. जुना अल्बममधला फोटो असेल तर मोबाइलनं फोटोचा फोटो काढताना वरच्या प्लास्टिकची चकाकी येते. फोटो बाहेर काढून खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावा, आणि गावात स्कॅनर असेल तर त्यावरच करावा. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून तो गुळगुळीत करू नये. नव्वदी गाठलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या घरच्यांना सुरकुत्यांसकटच आठवतो. फोटो ज्यानं काढला त्याचं नाव खाली बारीक अक्षरांत द्यावं. तालुक्याच्या छायाचित्रकाराला आयुष्यात तेवढंच श्रेय मिळतं.

दुसरी स्लाइड:

१९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले.
शेवटचे निवडून आले २०१४ साली.
मधल्या बावन्न वर्षांत मतदारसंघ बदलला नाही, पक्ष बदलला नाही.

या दुसऱ्या स्लाइडचं एक तंत्र आहे. इन्स्टाग्रामवर एखाद्यानं पहिली स्लाइड पाहून पुढं न सरकवता सोडून दिली, तर तीच पोस्ट पुन्हा समोर येताना बऱ्याचदा दुसऱ्या स्लाइडपासून येते. म्हणजे कित्येकांसाठी दुसरीच पहिली असते. ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे. ‘त्यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला’ असं दुसरीवर लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. ते वाक्य पहिल्या स्लाइडचा आधार घेऊन उभं असतं, आणि त्यातही तसं विशेष काही नसतं. आपल्याकडे प्रत्येक चरित्र जन्मापासून सुरू करायची सवय आहे. श्रद्धांजलीत ती सोडावी. ज्या गोष्टीमुळे माणूस आठवतो ती दुसऱ्या स्लाइडवर, आणि जन्मगाव, शिक्षण, पदं यांना पोस्टखालच्या मजकुरात भरपूर जागा असते.

तिसरी स्लाइड लिहिताना संस्थेतल्या कोणाचा तरी विरोध होणार हे धरून चालावं:

१९७२ साली हरले. १९९५ साली हरले.
दोन्ही वेळा त्याच मतदारांकडे परत गेले, आणि त्याच मतदारांनी त्यांना परत पाठवलं.

श्रद्धांजलीत पराभव कशाला, असं विचारलं जातं. माझं मत ठाम आहे: इथे तो हवाच. अकरा विजयांचा आकडा डोंगरासारखा अढळ वाटतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्यांना सगळं आपोआपच मिळत गेलं. १९७२ च्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ ला हरले तेव्हा वय सत्तरीच्या उंबरठ्यावर होतं. त्या वयात पुन्हा वाड्यावस्त्यांवर फिरून १९९९ साली निवडून येणं यात माणसाचा स्वभाव दिसतो, आणि तालुक्याशी असलेलं त्याचं नातंही. वडीलधाऱ्यांच्या आयुष्यातलं जे अपयश सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि ज्यातून ते उठले, ते लिहायला लाज वाटू नये. जे घरातलं आहे, कोर्टकचेरीतलं आहे, ज्याची जखम अजून ओली आहे, ते अर्थातच नाही. ती सीमा घरच्यांना मजकूर दाखवला की आपसूक कळते.

चौथी स्लाइड ही या मालिकेतली सर्वांत ऊबदार जागा:

आमदार असतानाही एसटीनं प्रवास करायचे.
त्यांना भेटायचं तर गाडीतही भेटता यायचं.

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे आपण इतक्या जणांबद्दल लिहिलं आहे की डोळा त्यावरून घसरतो. एसटी म्हटलं की घसरत नाही. गाडीत आमदार-खासदारांसाठी राखीव आसन असतं. त्या पाटीकडे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावर लोकप्रतिनिधी बसलेला क्वचितच पाहिला आहे. आबासाहेबांच्या बाबतीत ती पाटी खरी होती. या स्लाइडवर ‘साधेपणा’ हा शब्द नाही, ‘निष्कलंक’ नाही. ते वाचणारा स्वतःच म्हणतो, आणि त्यानं म्हटलेलं आपण लिहिलेल्यापेक्षा खोल जातं.

साध्या माणसांच्या बाबतीत ही चौथी स्लाइड मिळवणं सर्वांत अवघड जातं. घरच्यांना फोन करून ‘त्यांच्याबद्दल काही सांगा’ म्हटलं की उत्तर येतं: फार प्रेमळ होते, सगळ्यांना मदत करायचे. यात त्यांचा दोष नाही. दुःखात माणूस प्रसंग आठवू शकत नाही, गुण आठवतो. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा लागतो. सकाळी उठल्यावर ते पहिलं काय करायचे? त्यांच्या खिशात, पिशवीत कायम काय असायचं? कोणाशी त्यांचं भांडण ठरलेलं होतं? त्यांच्या हातचं काय अजून वापरात आहे? पिशवीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं मला सहसा आढळलेलं नाही. ‘पोस्टाची तिकिटं. कोणाला पत्र लिहायचं असलं तर.’ झाली चौथी स्लाइड. आणि घरच्यांइतकंच बाहेरच्यांना विचारावं: दुधवाला, पुजारी, शाळेचा शिपाई, बँकेतला रोखपाल. त्यांच्याकडे माणसाची अशी एखादी बाजू असते जी घरानं कधी पाहिलेली नसते.

पाचवी:

सांगोला, आटपाडी, जत... पावसानं पाठ फिरवलेले तालुके.
कृष्णेचं पाणी या भागाला मिळावं म्हणून आटपाडीला पाणी परिषदा भरत.
नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आबासाहेब तिथे उभे असत.

ही स्लाइड लिहिताना हात आखडावा लागला. सोपं वाक्य होतं, ‘दुष्काळी भागात पाणी आणणारे भगीरथ’. ते खोटं ठरलं असतं. तेरा दुष्काळी तालुक्यांचा पाण्याचा लढा हजारो लोकांचा होता. त्यात नागनाथअण्णा होते, भारत पाटणकर होते, गावोगावचे कार्यकर्ते होते. लढ्यात एकत्र असलेल्या माणसांपैकी एकाच्या श्रद्धांजलीत सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकलं, तर उरलेल्यांच्या घरी ते वाचलं जातं आणि ते गप्प बसत असले तरी त्यांना लागतं. आबासाहेबांनाही ते आवडलं नसतं असं म्हणायचा मोह होतो, पण गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नयेत. ‘बरोबरीनं उभे असत’ एवढं तपासता येतं, म्हणून एवढंच. ‘त्यांच्यामुळे’, ‘त्यांनी एकट्यानं’, ‘पहिल्यांदाच’ हे तीन शब्द मजकुरात दिसले की थांबून विचारावं: हे कोण खोडून काढू शकेल? असा एकजरी माणूस डोळ्यांसमोर आला, तर शब्द काढावा.

मंत्रिपदाची स्लाइड मी केली होती. १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या सरकारात ते मंत्री होते. वाचून पाहिली आणि काढली. माहिती खरी होती, पण नाव झाकलं तर ती शंभर जणांना लागू पडत होती, आणि चौथ्या-पाचव्या स्लाइडनं जमवलेली जवळीक तिथे सुटत होती. ती ओळ पोस्टखालच्या मजकुरात गेली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना पदांची यादी फार महत्त्वाची वाटते आणि ते समजण्यासारखं आहे, कारण सत्काराच्या मानपत्रात तीच असते. मानपत्र समोर बसलेल्या माणसासाठी असतं. इथे वाचणारा दुसराच कोणी आहे.

सहावी, शेवटची:

३० जुलै २०२१, सोलापूर.
आबासाहेब तुम्हाला कुठे भेटले होते?
साल, गाव आणि घडलेली गोष्ट खाली लिहा.

शेवटी सहसा ‘शोकाकुल’ आणि नावांची रांग येते. ती गाळावी असं माझं म्हणणं आहे. फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचा चेहरा लहान आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे होत गेले, तो रोग मोबाइलच्या पडद्यावर आणण्याचं कारण नाही. संस्थेचं नाव एका ओळीत पुरे. आणि ‘श्रद्धांजली वाहा’ म्हटलं तर खाली हात जोडलेल्या चिन्हांची माळ लागते. साल, गाव आणि गोष्ट मागितली तर काही जण खरोखर लिहितात.

अशा सहा स्लाइड. सगळा मजकूर मोजून शंभर शब्दांच्या आसपास आहे. हे लिहायला दोन पानी लेखापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि बातमी आल्यावर तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिल्या तासात फक्त एक साधं चित्र टाकावं: नाव, निधनाची बातमी, अंत्यदर्शनाची वेळ आणि जागा. तेही घरातल्या जबाबदार माणसाशी स्वतः बोलूनच. ‘गेले’ अशी अफवा जिवंत माणसाबद्दल पसरल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत, आणि ‘ग्रुपवर आलंय’ हा पुरावा नव्हे. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितलं तरी लिहू नये. मालिका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आली तरी बिघडत नाही. गर्दी ओसरल्यावरच लोक नीट वाचतात.

आता छपाईचं म्हणावं असं थोडं, कारण चांगला मजकूर तिथे मरतो. इन्स्टाग्रामसाठी उभी चौकट १०८० बाय १३५० पिक्सेलची घ्यावी. पहिल्या चित्राचा आकार जो असेल तोच पुढच्या सगळ्यांना लागतो, त्यामुळे पहिलं चौकोनी आणि पुढची उभी अशी भेसळ केली की पुढच्यांची डोकी कापली जातात. अक्षरांचा आकार मोबाइलवर ठरवावा, संगणकाच्या पडद्यावर नाही. फोनचा पडदा साधारण सात सेंटिमीटर रुंद असतो. १०८० च्या चौकटीत ५४ पिक्सेलचं अक्षर ठेवलं तर ते फोनवर साडेतीन मिलिमीटरचं होतं, म्हणजे पुस्तकातल्या दहा पॉइंटच्या टाइपाएवढं. याहून लहान अक्षर आबासाहेबांच्या वयाच्या मित्राला वाचता येणार नाही, आणि ही मालिका सर्वांत आधी त्याच्यासाठी आहे. एवढ्या आकारात पंचवीस-तीस शब्दांच्या वर मजकूर ठेवला की स्लाइड गच्च दिसू लागते. मजकुराची लांबी मी हवेतून ठरवलेली नाही, ती म्हाताऱ्या डोळ्यांनी ठरवली आहे.

मराठीचे स्वतःचे घोटाळे वेगळे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला संस्थेचा अहवाल जसाच्या तसा चिकटवला तर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. ‘श्रद्धांजली’ हा शब्दच उत्तम कसोटी आहे: त्यातला ‘श्र’ आणि ‘द्धां’ नीट उमटले तर बहुतेक सगळं नीट उमटेल. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ्य तपासावा, काही फॉन्ट त्याचा ‘र्य’ करून टाकतात. ओळींमध्ये अक्षराच्या दीडपट तरी अंतर ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. आणि काळ्यावर सोनेरी अक्षरं नकोत. उन्हात, एसटी स्टँडवर उभं राहून पाहिलं तर त्यातलं काही दिसत नाही.

सर्वांत जास्त नासाडी व्हॉट्सअॅपवर होते. तिथे मालिका राहत नाही, सुटी चित्रं फिरतात. कोणी एसटीची स्लाइड तेवढी पुढे पाठवतो आणि तीन दिवसांनी ती एखाद्या दुसऱ्याच आमदाराच्या नावानं परत येते. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या खाली लहान अक्षरांत नाव, सालं आणि क्रमांक असावा: ‘आबासाहेब, १९२६–२०२१, ४/६’. पाठवताना एचडीचा पर्याय निवडावा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षरं फिसकटतात. चित्रातला मजकूर अंधांचा फोन बऱ्याचदा नीट वाचून दाखवू शकत नाही. सहाही स्लाइडचे शब्द पोस्टखाली पुन्हा टाइप करून द्यावेत, पाच मिनिटांचं काम आहे.

टाकण्याआधी सगळं घरातल्या एका माणसाला दाखवावं, एकालाच. पाच जणांना दाखवलं की पाच विशेषणं परत येतात. ज्याला दाखवलं त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: यात काही चुकीचं आहे का, आणि यात काही नको आहे का? ‘कसं वाटलं’ हे त्या दिवशी विचारू नये.

आणि मग खालच्या आठवणी. पहिल्या आठवड्यात त्या येतात, नंतर थांबतात. आलेल्या आठवणी एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहिणाऱ्याच्या नावानिशी उतरवून घ्याव्यात. संस्थेचं खातं उद्या बंद पडलं, सांभाळणारी मुलगी लग्न होऊन गेली, पासवर्ड हरवला, तर सगळं जातं, आणि हे मी होताना पाहिलं आहे. उतरवून घेतलेल्यांपैकी ज्यांत साल आणि गाव आहे त्या वेगळ्या काढून घरच्यांना छापून द्याव्यात. प्रथम पुण्यस्मरणाला कोणी स्मरणिका काढायची म्हटली तर तिचा पहिला मजकूर तयार असतो. त्यातच कुणीतरी लिहिलेलं असतं की पहिल्या स्लाइडवरचा फोटो अमुक सालचा नाही, त्याच्या आधीचा आहे, कारण मागे उभी असलेली गाडी तोपर्यंत बंद झाली होती. ती दुरुस्ती तारीख घालून करावी, आणि ती सांगणाऱ्याला फोन करून विचारावं, तुम्ही त्या गाडीत होता का?